आठवडा झाला, उत्तर नाही: आठवणीचा मेल मराठी, हिंदी आणि इंग्रजीत कसा लिहायचा

कामाला नुकती सुरुवात केलेल्या लोकांचं एक ठरलेलं दुखणं असतं, मेल पाठवला, आठवडा झाला, पलीकडून हूं की चूं नाही, आणि आता परत लिहायचं तर कसं लिहायचं कळत नाही, जास्त नरम लिहिलं तर लाचार वाटेल आणि जरा सरळ लिहिलं तर समोरच्याला राग येईल. त्यात एक माणूस मराठी, एक हिंदी आणि एक इंग्रजीत बोलणारा असला की अजूनच गोंधळ, कारण बहुतेक जण एका भाषेत मेल लिहितात आणि तोच शब्दाला शब्द लावून बाकीच्या दोन भाषांत नेतात, आणि नेमका तिथेच सूर बिघडतो. मराठीत जे वाक्य गोड आहे ते हिंदीत कोरडं होतं, आणि इंग्रजीत जे साधं आहे ते मराठीत हुकूम सोडल्यासारखं वाटतं.

म्हणून एकच काम धरून तिन्ही मेल लिहून बघू. समजा तुम्ही फ्रीलान्स भाषांतर करता, एका संस्थेचं नेत्र तपासणी शिबिराचं माहितीपत्रक तुम्ही तीन भाषांत केलंय, आणि मंगळवारी 9 जूनला तिन्ही मसुदे तीन वेगवेगळ्या लोकांना तपासायला पाठवलेत, मराठी नाशिकच्या मॅडमना, हिंदी भोपाळच्या शर्मांना, इंग्रजी बंगळुरूच्या मेनन मॅडमना (नावं फक्त नमुन्यापुरती). आज 16 जून, मंगळवारच, आणि कुणाचंच उत्तर नाही. फाइल सोमवारी 22 जूनला प्रेसला द्यायची आहे.

आधी आपलं घर तपासा

लिहायला बसण्याआधी दहा मिनिटं स्वतःच्या मेलबॉक्समध्ये घालवा, कारण बऱ्याचदा चूक तिथेच सापडते. पहिलं, Sent उघडा आणि मेल खरंच गेलाय का, पत्ता बरोबर आहे का ते बघा. पत्त्यात एखादं अक्षर चुकलं असेल तर Mail Delivery Subsystem या नावाने परत आलेला मेल इनबॉक्समध्ये कुठेतरी पडलेला असतो आणि आपण तो जाहिरात समजून सोडून दिलेला असतो.

दुसरं, उत्तर आलंय पण ते स्पॅममध्ये गेलंय असंही होतं. जीमेलमध्ये नुसतं शोधलं तर स्पॅम आणि कचरापेटी त्यात येत नाही, म्हणून असं शोधा, पत्त्याच्या जागी समोरच्याचा पत्ता टाकून:

```
in:anywhere from:name@example.com newer_than:10d
```

तिसरं आणि सगळ्यात जास्त वेळा घडणारं म्हणजे फाइल उघडतच नसते. जीमेलवरून 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जोडली की ती ड्राइव्हची लिंक होऊन जाते, आणि त्या लिंकची परवानगी Restricted राहिली असेल आणि समोरच्याचा पत्ता त्यात जोडलेला नसेल तर त्याला फाइलऐवजी परवानगी मागा असं पान दिसतं. काही लोक बटण दाबून परवानगी मागतात आणि तो मेल तुमच्या इनबॉक्समध्ये येतो, काही लोक ती खिडकी बंद करून दुसऱ्या कामाला लागतात. तुमची लिंक एकदा लॉगइन न केलेल्या ब्राउजरमध्ये उघडून बघा. तिथे उघडली नाही आणि Share मध्ये समोरच्याचा पत्ताही नसेल तर हा आठवणीचा मेल नाहीच, साधं "लिंकची परवानगी द्यायची राहिली होती, आता उघडेल, तसदीबद्दल माफ करा" असं लिहायचं आणि आठवडा आजपासून मोजायचा.

आणि आठवडा म्हणजे कामाचे पाच दिवस. मधे सणाची सुट्टी आली असेल, मार्चअखेर असेल आणि तुम्ही अकाउंट्सवाल्यांना लिहिलं असेल, तर अजून दोन-तीन दिवस थांबा. महाराष्ट्रातल्या सरकारी ऑफिसला 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेल तिथे सोमवारीच बघितला जाणार हे धरून चाला.

जुन्याच मेलवर रिप्लाय करा

नवीन मेल लिहू नका. Sent मधला तुमचा जुना मेल उघडा आणि त्यालाच रिप्लाय करा, जीमेलमध्ये तो आपोआप समोरच्याला जातो, तरी पाठवण्याआधी To मधला पत्ता एकदा बघून घ्या. विषयाची ओळ जशी आहे तशीच राहू द्या. विषय बदलला की जीमेल त्याला वेगळं संभाषण समजतं आणि मग समोरच्याला जुना मसुदा शोधत बसावं लागतं, शोधायला लागलं की उद्यावर जातं. विषयाच्या आधी मोठ्या अक्षरांत रिमाइंडर, अर्जंट, तीन उद्गारचिन्हं असलं काही लावू नका, मेल उघडायच्या आधीच माणसाला आपण गुन्हा केलाय असं वाटतं.

इथे एक गोष्ट अगदी हमखास विसरली जाते, रिप्लाय केल्यावर जोडलेली फाइल सोबत जात नाही. फॉरवर्ड केल्यावर जाते, रिप्लायमध्ये नाही. म्हणजे फाइल परत जोडायची. मोबाइलवर उभ्या उभ्या मेल वाचणाऱ्या माणसाला फाइल तिथेच मिळाली तर तो तिथेच बघून उत्तर देतो, "खालच्या मेलमध्ये जोडली होती" असं लिहिलं तर नाही देत.

मेलमध्ये काय काय असावं

लिहायच्या गोष्टी चारच आहेत. काय पाठवलं होतं आणि कोणत्या तारखेला, आता नेमकं काय हवंय, कधीपर्यंत आणि का, आणि बदल असला तर तो कसा सांगायचा. यातली दुसरी सगळ्यात महत्त्वाची. "मसुदा बघून अभिप्राय कळवा" असं लिहिलंत तर समोरच्याला आठ पानं वाचायचं काम लागतं आणि ते काम परत मागे पडतं. त्याऐवजी तुम्हाला खरोखर ज्याची अडचण आहे तेवढंच विचारा. आपल्या माहितीपत्रकात भाषा तुम्ही सांभाळालच, पण पान 3 वरची शिबिराची वेळ आणि पत्ता फक्त त्यांनाच माहिती आहे, तिथे चूक झाली तर पेशंट चुकीच्या जागी जाऊन उभे राहतील. मग तेवढंच विचारायचं. मोबाइलवरून "हो, बरोबर आहे" एवढं टाइप करून सुटता येईल असा प्रश्न असला की उत्तर येतं.

कारण द्यायचं ते खरं आणि कामाचं द्यायचं, प्रेसची तारीख हे कारण आहे, "माझं काम अडलंय" हे कारण नाही, ती तक्रार झाली. आणि तारीख लिहिताना वारासकट लिहा, महिना अक्षरात लिहा. 5/6 असं लिहिलं तर अमेरिकेत बसलेला माणूस 6 मे वाचतो आपण 5 जून वाचतो, आणि हिंदीत तर "कल" म्हणजे काल पण आणि उद्या पण, बोलताना क्रियापदावरून कळतं पण घाईत वाचताना गडबड होते.

मराठी मेल

> नमस्कार मॅडम,
>
> मंगळवारी, 9 जूनला माहितीपत्रकाचा मराठी मसुदा पाठवला होता, तो सोबत पुन्हा जोडलाय.
>
> त्यातलं पान 3 तेवढं एकदा बघाल का? शिबिराची वेळ आणि पत्ता बरोबर आहे ना, एवढंच हवंय.
>
> फाइल सोमवारी, 22 जूनला प्रेसला द्यायची आहे, त्यामुळे शुक्रवारी, 19 जूनला संध्याकाळपर्यंत कळवलंत तर बरं होईल. काही बदल असेल तर पान नंबर आणि नवा मजकूर एवढंच पाठवा, बाकी मी करते.
>
> धन्यवाद

मराठीत सगळा आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. "कृपया कळवावे" हे वाक्य चुकीचं नाही, पण ते ऑफिसच्या नोटिशीचं आहे, एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिलं की वरून सूचना आल्यासारखं वाटतं, कृपया लावलं तरी वाटतं. "बघाल का", "कळवलंत तर बरं होईल" यात कृपया नाहीये तरी विनंती आहे. तसंच "स्मरणपत्र" हा शब्द टाळा, सरकारी पत्रव्यवहारात स्मरणपत्र क्रमांक एक, दोन असं जातं, वाचणाऱ्याच्या मनात तेच येतं.

"तुम्ही अजून उत्तर दिलं नाही" असं कधीच लिहू नका. "उत्तर मिळालं नाही" हे थोडं बरं, पण माझं मत विचाराल तर उत्तराचा विषयच काढू नका, वरच्या मेलमध्ये तो कुठेच नाहीये बघा, नुसतं कधी पाठवलं ते सांगितलंय आणि पुढच्या कामाचं बोललोय. उत्तर दिलेलं नाही हे त्यांना माहिती असतं.

आता तुम्ही की आपण. सिनियर माणूस असेल, कॉलेजचं ऑफिस असेल, तर आपण शोभतं. पण मराठीत आपण म्हणजे तुम्हीही आणि आपण सगळेही, "आपण ठरवलेली वेळ" म्हणजे कुणी ठरवलेली, त्यांनी की दोघांनी मिळून, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कामाच्या मेलमध्ये तुम्ही पुरेसं आदराचं आहे. आपण वापरायचंच असेल तर शेवटपर्यंत आपण, आपल्याला, आपलं असंच चालू द्या, पहिल्या ओळीत आपण आणि तिसऱ्या ओळीत तुम्हाला असं झालं की कुठून तरी उचलून चिकटवलंय हे दिसतं. आणि नुसत्या नावाने हाक मारू नका, ओळख असेल तर ताई किंवा दादा चालतं, नसेल तर सर, मॅडम. पूर्वीच्या पत्रांसारखं स. न. वि. वि. अजूनही काही ज्येष्ठ लोकांना आवडतं, त्यांनी तुम्हाला तसं लिहिलं असेल तर तुम्हीही लिहा.

हिंदी मेल

> नमस्ते शर्मा जी,
>
> मंगलवार, 9 जून को मैंने पर्चे का हिंदी मसौदा आपको भेजा था। फ़ाइल दोबारा साथ में लगा रही हूँ।
>
> क्या आप पन्ना 3 एक बार देख पाएँगे? शिविर का समय और पता सही है या नहीं, बस इतना जानना है।
>
> फ़ाइल सोमवार, 22 जून को प्रेस में देनी है, इसलिए शुक्रवार, 19 जून की शाम तक बता दीजिएगा। कुछ बदलना हो तो पन्ना नंबर और नया वाक्य लिख भेजिए, बाकी मैं कर लूँगी।
>
> धन्यवाद

आपल्या मराठी लोकांची हिंदी मुंबई-पुण्यात बोलायला झकास चालते, लिहिताना मात्र तीच हिंदी उद्धट दिसते आणि आपल्याला पत्ताच नसतो. मुख्य गडबड म्हणजे आप म्हणायचं आणि क्रियापद "तुम"चं लावायचं, "आप देखो", "आप बताओ". भोपाळ, लखनौकडच्या माणसाला हे खटकतं. आप आलं की देखिए, बताइए, भेजिए. त्याहून एक पायरी मऊ म्हणजे बता दीजिएगा, देख लीजिएगा, यात "आत्ता लगेच नाही, जमेल तेव्हा" असा भाव येतो, म्हणून आठवणीच्या मेलला हे रूप सगळ्यात छान बसतं. "देख पाएँगे" मध्येही तसंच, तुम्हाला जमेल का असं विचारल्यासारखं होतं.

बाकी दोन-तीन ठिकाणी मराठी डोकावते. "मैं भेजी थी" नाही, "मैंने भेजा था", कारण मराठीत "मी पाठवला" म्हणताना ने लागत नाही म्हणून हिंदीतही तो गळतो. "मेरे को" नाही, "मुझे". "बोलिए" च्या जागी "बताइए". आणि सूचना हा शब्द जपून, हिंदीत सूचना देना म्हणजे माहिती देणं, मराठीत सूचना देणं म्हणजे काय करायचं ते सांगणं. त्यामुळे हिंदी मेलमधलं "आपको सूचना देनी थी" तसंच्या तसं मराठीत "तुम्हाला सूचना द्यायची होती" असं आणलं तर नाशिकच्या मॅडम नक्की चिडतील.

उलट बाजूने, फार शुद्ध हिंदी लिहायच्या नादात "कृपया अवलोकन कर सूचित करने का कष्ट करें" असलं काही लिहू नका. ते बँकेच्या बोर्डावर शोभतं. नावापुढे जी, आप, आणि इए-इएगा एवढं नीट सांभाळलं की मेल पुरेसा आदबशीर होतो.

इंग्रजी मेल

```
Dear Ms Menon,

I sent you the English draft of the leaflet
on Tuesday, 9 June. I have attached it again here.

Could you please check page 3 and let me know
if the camp timing and address are correct?

The file goes to the printer on Monday, 22 June,
so a reply by the evening of Friday, 19 June would help.
If anything needs to change, just send me the page number
and the new line, and I will do the rest.

Thank you,
```

इंग्रजीत आपल्यासारखं तू-तुम्ही-आपण नाही, आदर प्रश्नाच्या रूपात येतो. प्लीज लावलं की झालं असं आपल्याला वाटतं, पण "प्लीज सेंड" हे तरीही सेंड म्हणजे आज्ञाच राहते. "कुड यू प्लीज" ने सुरू करून प्रश्नचिन्ह दिलं की ती विनंती होते. फक्त प्रश्न एकच ठेवा, मागोमाग तीन कुड यू आले की उलटतपासणी वाटते.

काही ठरलेली वाक्यं आपण सिनियर लोकांकडून उचलतो, ती इथे सोडून द्या. जेंटल रिमाइंडर इतकं वापरून झालंय की त्यातलं जेंटल कुणाला ऐकू येत नाही. काइंडली डू द नीडफुल मध्ये काय करायचं तेच सांगितलेलं नसतं. प्लीज रिव्हर्ट हे भारतात सगळ्यांना कळतं पण बाहेरच्या माणसासाठी रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत नेणं, तो गोंधळतो. ॲज पर माय लास्ट मेल म्हणजे "सांगितलं होतं ना" असं सुनावणं. आणि एएसएपी तर नकोच, त्यात घाई आहे पण तारीख नाही.

इंग्रजीत जास्त नरम होण्याचाही धोका असतो. सॉरी टू डिस्टर्ब यू, आय नो यू आर व्हेरी बिझी, असं तीन ओळी लिहून चौथ्या ओळीत काम सांगितलं तर समोरचा तिथपर्यंत पोचतच नाही, मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये तर त्याला नुसती माफीच दिसते. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आठवड्यानंतर विचारणं हा कामाचाच भाग आहे.

कोणत्या भाषेत लिहायचं

समोरच्याने शेवटचं ज्या भाषेत लिहिलं त्या भाषेत. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याला तुम्ही देवनागरीत उत्तर दिलंत तरी चालतं, पण मराठीत लिहिणाऱ्याला अचानक इंग्रजीत आठवण पाठवली तर अंतर पडल्यासारखं, प्रकरण औपचारिक झाल्यासारखं वाटतं. एकाच मेलमध्ये तिन्ही भाषा एकाखाली एक टाकायचा मोह होतो, तोही नको, प्रत्येकाला वाटतं हा मेल दुसऱ्यासाठी आहे. तिघांना तीन वेगळे मेल. पाच मिनिटं जास्त जातात पण तिन्ही उत्तरं येण्याची शक्यता वाढते.

पाठवायची वेळ सकाळी दहा-साडेदहाच्या आसपासची बरी, रात्री अकराला लिहिला असेल तर Schedule send लावून झोपा. आणि पहिल्या आठवणीत साहेबांना सीसीमध्ये घेऊ नका. भाषा कितीही गोड असू दे, सीसी दिसलं की ती चुगली होते, ती माणसं नंतर तुमच्या मेलला उत्तरं देतात पण मोजून मापून देतात. "उत्तर आलं नाही तर मंजूर समजते" हे वाक्यही पहिल्या मेलमध्ये नको, तसं आधीच दोघांचं ठरलं असेल तरच.

बिलाची आठवण असेल तर एक फरक लक्षात घ्या. आठवड्यात पैसे आले नाहीत म्हणजे उशीर झाला असं नसतं, आधी ठरलेली मुदत बघा. तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी ठरलं असेल तेव्हा 45 दिवसांच्या आत आणि काही ठरलंच नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण हे पहिल्या मेलमध्ये लिहायचं नाही, तिथे नुसतं "बिल मिळालं ना, साधारण कोणत्या तारखेला जमा होईल" एवढं विचारायचं. पैसे मागण्यापेक्षा तारीख विचारली की अकाउंट्सच्या माणसालाही उत्तर देणं सोपं जातं.

तरीही उत्तर नाही आलं तर

समजा शुक्रवार संध्याकाळ गेली, भोपाळहून "सब ठीक है" आलं, बंगळुरूहून एक ओळ बदलून आली, आणि नाशिकहून काहीच नाही. दुसरा मेल पाठवू नका, तो पहिल्याच्या शेजारी जाऊन बसेल. सोमवारी सकाळी फोन करा. व्हॉट्सॲप फक्त त्यांनी आधी कामासाठी वापरलं असेल तरच. फोनवर पण मेलबद्दल विचारायचं नाही, "माझा मेल बघितला का" म्हटलं की समोरचा बचावात जातो. "मॅडम, माहितीपत्रकाबद्दल बोलायचं होतं, दोन मिनिटं आहेत का? पान 3 वर वेळ सकाळी 10 ते 2 अशी टाकलीय, बरोबर आहे ना?" असं थेट विचारायचं, बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

समजा मॅडमनी वेळ 9 ते 1 सांगितली, तर फोन ठेवला की लगेच त्याच जुन्या मेलवर एक ओळ लिहून पाठवा, "आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे पान 3 वर वेळ सकाळी 9 ते 1 करतेय, पत्ता आहे तोच ठेवतेय, फाइल आज 4 वाजता प्रेसला जाईल." यात परत काही विचारायचं नाही, फक्त काय ठरलं ते. छापून आल्यावर वेळेवरून काही प्रश्न निघाला तर ही ओळच कामाला येते.